पंचाहत्तर वर्षांचा इराणी दशाक्रम

महादशा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, ‘सध्या शनीची महादशा चालू आहे’ हे वाक्य प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेले असते. आपल्याकडे रूढ असलेली विंशोत्तरी दशा १२० वर्षांची. ती जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता यावरून सुरू होते आणि नऊ ग्रहांमध्ये कमीअधिक वर्षांनी वाटली जाते. आयुष्याचे असेच तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका ग्रहाच्या हवाली करण्याची एक पद्धत इराणातही होती. तिचे नाव फिरदारिया. ती ७५ वर्षांची असते आणि नक्षत्राकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला एकच गोष्ट विचारायची असते: मूल जन्मले तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर होता की खाली?

अरबी ग्रंथकार या पद्धतीचे श्रेय इस्लामपूर्व इराणी ज्योतिषांना देतात. तिचे सर्वांत सविस्तर वर्णन अबू मअशरने करून ठेवले. हा माणूस मूळचा बल्खचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातला. जन्म ७८७चा. बगदादमध्ये त्याने नाव कमावले आणि ८८६ साली तो वारला. वर्षफळावर त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात फिरदारियाच्या प्रत्येक ग्रहाच्या काळात आणि त्यातल्या प्रत्येक पोटकाळात काय घडते, याची फळे दिली आहेत. पुढे अल-बिरूनीने १०२९च्या सुमारास ‘तफहीम’ या प्रश्नोत्तररूपी पाठ्यपुस्तकात हाच क्रम नोंदवला. भारतावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा अल-बिरूनी तो हाच. तफहीम त्याने रैहाना नावाच्या स्त्रीसाठी लिहिले. त्यातला फलज्योतिषाचा भाग त्याने शिकवला खरा, पण स्वतःचा त्यावरचा विश्वास बेताचाच असल्याचेही सूचित केले.

लॅटिन भाषांतरांतून ही विद्या युरोपात गेली. तेराव्या शतकात इटलीतल्या फोर्ली गावच्या गुइदो बोनाट्टीने ती आपल्या ग्रंथात घेतली. (दांतेने याच बोनाट्टीला नरकात बसवले आहे, तेही मान उलटी पिरगळलेल्या भविष्यवाद्यांच्या रांगेत.) १५४५मध्ये न्यूरेंबर्गच्या योहान्नेस श्योनरने जातकावरच्या आपल्या पुस्तकात ती दिली. कोपर्निकसच्या सिद्धांताची छापील स्वरूपातली पहिली ओळख करून देणारी रेटिकसची पुस्तिका याच श्योनरला उद्देशून लिहिलेली होती. मग युरोपात ही पद्धत विस्मरणात गेली. १९९०नंतर अमेरिकेतल्या काही ज्योतिषांनी जुने ग्रीक, अरबी व लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणायला घेतले, तेव्हा ती पुन्हा वर आली. आज पाश्चात्य ज्योतिषाच्या बहुतेक संगणक-प्रणालींत ती सापडते.

नियम सोपा आहे. दिवसा जन्मलेल्याचे आयुष्य रवीपासून सुरू होते. रवीची १० वर्षे, मग शुक्राची ८, बुधाची १३, चंद्राची ९, शनीची ११, गुरूची १२, मंगळाची ७. ही झाली सत्तर. शेवटी राहूची ३ आणि केतूची २ मिळून पंचाहत्तर. रात्री जन्मलेल्याचे आयुष्य चंद्रापासून सुरू होते. वर्षे तीच आणि फेराही तोच, फक्त सुरुवात चंद्रापासून. म्हणजे चंद्र, शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि शेवटी राहू-केतू. पंचाहत्तरी ओलांडली की फेरा पुन्हा पहिल्यापासून.

हा क्रम मराठी वाचकाला अनोळखी वाटायचे कारण नाही. पंचांगातले होऱ्याचे कोष्टक काढून रविवारचे होरे पाहा: रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ. हाच दिवसाच्या जन्माचा फिरदारिया. सोमवारचे होरे पाहा, तो रात्रीच्या जन्माचा. पृथ्वी मध्यभागी धरून ग्रहांची आकाशात जी उतरंड मानली जात असे, तिच्यात शनी सर्वांत वर आणि चंद्र सर्वांत खाली. रवीपासून खाली उतरत चंद्रापर्यंत यायचे आणि मग पुन्हा वर शनीपाशी जायचे. होरे आणि फिरदारिया या दोहोंचा क्रम त्याच उतरंडीतून आला आहे.

वर्षांचे आकडे मात्र इतके सरळ नाहीत. गुरूची १२ वर्षे समजतात, कारण तो राशिचक्राची फेरी जवळपास तेवढ्याच काळात पुरी करतो. शुक्राची ८ वर्षेही समजतात, कारण दर आठ वर्षांनी शुक्र जवळजवळ त्याच तारखांना आकाशात त्याच जागी येतो. ग्रीक ज्योतिषात या दोघांना दिलेली ‘लघुवर्षे’ हीच आहेत. पण शनीला तिथे ३० वर्षे आहेत आणि इथे ११, रवीला तिथे १९ आणि इथे १०. आकाशातल्या कोणत्याही फेऱ्याशी शनीचे ११ जुळत नाहीत. तेव्हा या आकड्यांमागे खगोलशास्त्र आहे असे कुणी ठासून सांगू लागले, तर त्याला शनीचा हिशेब विचारावा.

प्रत्येक ग्रहाच्या काळाचे सात सारखे भाग करतात. पहिला भाग त्याच ग्रहाचा, पुढचे सहा त्याच उतरंडीने इतर ग्रहांचे. गुरूच्या १२ वर्षांचा सातवा भाग म्हणजे सुमारे १ वर्ष ८ महिने १७ दिवस. विंशोत्तरीत अंतर्दशा मोठ्या ग्रहाला मोठी आणि लहान ग्रहाला लहान मिळते. इथे सगळ्यांना सारखीच. राहू आणि केतूच्या काळाचे तुकडे पाडत नाहीत, ते सलग जातात.

आपल्या दशेशी तुलना केली की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. विंशोत्तरीत जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली, तर शुक्राच्या महादशेत सुमारे वीस दिवसांचा फरक पडतो, कारण चंद्र एका नक्षत्रातून साधारण एका दिवसात जातो आणि त्याची चाल वीस वर्षांवर ताणलेली असते. फिरदारियाला मिनिटांची पर्वा नाही. आजीने ‘दिवेलागणीनंतर बराच वेळ झाला होता’ एवढे सांगितले, तरी गणित पूर्ण होते. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. दिवसा जन्मलेल्या जगातल्या प्रत्येक माणसाला १८ ते ३१ या वयात बुध असतो आणि रात्री जन्मलेल्या प्रत्येकाला ९ ते २० या वयात शनी. अर्ध्या मानवजातीचे वेळापत्रक एकच. त्यामुळे नुसता फिरदारिया काहीच सांगत नाही. तो फक्त ‘आता कारभार कुणाकडे’ एवढे दाखवतो. तो कारभारी कसा आहे, हे जन्मपत्रिकेतून पाहावे लागते. अबू मअशरही त्याला एकट्याने वापरत नव्हता. वर्षाची कुंडली आणि दरवर्षी एक रास पुढे सरकणारे लग्न यांच्या जोडीने तो त्याकडे पाहत असे. याच परंपरेतून आपल्याकडे ताजिक वर्षफळ आणि त्यातली मुंथा आली.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ हिचा जन्म लंडनमध्ये २१ एप्रिल १९२६ रोजी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी झाला. ही वेळ तेव्हाच अधिकृतपणे जाहीर झाली होती, त्यामुळे वाद नाही. उन्हाळी वेळेसाठी त्या वर्षी घड्याळे नुकतीच एक तास पुढे केली होती, पण फिरदारियाला त्याने फरक पडत नाही. पहाटे दोनला काय आणि तीनला काय, लंडनमध्ये एप्रिलचा सूर्य क्षितिजाखालीच असतो. जन्म रात्रीचा.

पाश्चात्य पद्धतीने, म्हणजे सायन राशींप्रमाणे, तिचे लग्न मकर आहे. लग्नेश शनी वृश्चिकेत, अगदी डोक्यावर, दशमबिंदूजवळ. शुक्र मीनेत उच्चीचा. या परंपरेत रवी, गुरू आणि शनी हे दिवसाच्या बाजूचे ग्रह, तर चंद्र, शुक्र आणि मंगळ रात्रीच्या बाजूचे. रात्रीच्या जन्मात शुक्र आपल्या घरच्यासारखा वागतो आणि शनी जास्त कडक होतो. तेव्हा या पत्रिकेचा जुना ज्योतिषी म्हणेल की शनीचा काळ पदाचा आणि ओझ्याचा जाईल आणि शुक्राचा काळ सुखाचा.

चंद्राची नऊ वर्षे संपून २१ एप्रिल १९३५ला शनी सुरू होतो, तो एप्रिल १९४६पर्यंत. जन्मली तेव्हा ही मुलगी राजाच्या धाकट्या मुलाची मुलगी होती, ती राणी होईल असे कुणाच्या मनात नव्हते. डिसेंबर १९३६मध्ये काका आठव्या एडवर्डने गादी सोडली, वडील राजे झाले आणि दहा वर्षांची एलिझाबेथ वारस ठरली. त्यानंतर आले दुसरे महायुद्ध, आणि तेही याच अकरा वर्षांत बसते. दशमातल्या शनीचे इतके चपखल उदाहरण मिळाले की ज्योतिषी खूश होतो, आणि त्याने व्हावेही. मग गुरूची बारा वर्षे. नोव्हेंबर १९४७मधला विवाह गुरूमध्ये गुरू असताना. ६ फेब्रुवारी १९५२ला वडील गेले आणि ती राणी झाली, तेव्हा गुरूमध्ये शुक्र चालू होता. राज्य मिळाले म्हणून हे जुळते म्हणायचे, की पिता गेला म्हणून जुळत नाही म्हणायचे? उत्तर सांगणाऱ्याच्या मनावर आहे.

शुक्राची आठ वर्षे १९७५ ते १९८३. १९७७ला राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव, त्याच वर्षी पहिले नातवंड, १९८१ला थोरल्या मुलाचे थाटात लग्न. उच्चीचा शुक्र शोभतो. मध्येच २७ ऑगस्ट १९७९ला आयर्लंडच्या किनाऱ्यावर बॉम्बस्फोटात माउंटबॅटन मारले गेले. हे राणीच्या नवऱ्याचे मामा, भारताचे शेवटचे व्हाइसरॉय. तेव्हा शुक्रामध्ये शनी चालू होता, सप्टेंबर १९७८च्या अखेरीपासून नोव्हेंबर १९७९च्या मध्यापर्यंत. पुढे पंचाहत्तरी ओलांडून चंद्र पुन्हा सुरू झाला आणि चंद्रामध्ये चंद्र असताना, मार्च २००२मध्ये, तिची आई वारली. चंद्र हा आईचा कारक. तिच्या पहिल्याच चंद्रामध्ये चंद्रातही, जानेवारी ते जून १९२७, आईवडील तान्ह्या मुलीला मागे ठेवून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले होते.

इतके वाचल्यावर पद्धत बरोबर वाटू लागते. मलाही वाटली. म्हणून मी एक खोडी काढली. राणीचा जन्म दिवसाचा आहे असे समजून तेच गणित पुन्हा मांडले.

चुकीच्या क्रमाने १९७७च्या एप्रिलमध्ये गुरू सुरू होतो आणि रौप्यमहोत्सव त्याच्या दुसऱ्या महिन्यात येतो. शुक्रापेक्षा हे जास्तच शोभून दिसते. माउंटबॅटन मारले गेले तेव्हा गुरूमध्ये मंगळ निघतो. स्फोट, रक्त, आग हा सगळा मंगळाचाच प्रांत, शनीपेक्षा कितीतरी नेमका. १९९२ हे वर्ष राणीने स्वतः जाहीर भाषणात अत्यंत वाईट म्हटले होते. मुलांचे संसार मोडले आणि विंडसरचा राजवाडा जळाला. चुकीच्या क्रमात तिथे मंगळाची सात वर्षे आहेत, खऱ्या क्रमात बुध. आणि २००२च्या जूनमध्ये सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा चुकीच्या क्रमाने रवीमध्ये रवी येतो, राजपदाचा कारक. त्याच वर्षी खऱ्या क्रमातला चंद्र आईच्या मृत्यूसाठी आपण कौतुकाने पुढे केला होता. चुकीच्या क्रमाला अडचण होते ती फक्त महायुद्धाची, कारण तिथे १९३६ ते १९४४ शुक्र बसतो. पण तेवढ्यावर भागवून नेणारा ज्योतिषी मिळेलच. ‘कुटुंब एकत्र होते, आईवडिलांचे प्रेम मिळाले’ असे तो म्हणेल, आणि ते खोटेही नाही.

दोष राणीच्या पत्रिकेत नाही. सत्तर वर्षांच्या गाजलेल्या राजवटीत दर दीड-दोन वर्षांनी काहीतरी मोठे घडणारच, आणि प्रत्येक ग्रहाच्या पदरात शुभ-अशुभ इतके विषय बांधलेले असतात की त्यातला एखादा लागू पडतोच. घटना माहीत असताना मागे जाऊन जुळवलेला फिरदारिया म्हणूनच पुरावा ठरत नाही.

जाणकारांच्यातही एक जुना वाद आहे आणि तो याच दुखण्याचा नमुना आहे. राहू-केतू रात्रीच्या जन्मात नेमके कुठे घालायचे? दिवसाच्या क्रमात मंगळ शेवटी येतो, त्यामुळे ‘मंगळानंतर राहू-केतू’ आणि ‘सर्वांत शेवटी राहू-केतू’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच होतो. रात्रीच्या क्रमात मंगळ मध्येच येतो, आणि तिथे दोन्ही वाक्यांच्या वाटा फुटतात. बोनाट्टीच्या लॅटिन मजकुराचे वाचन असे झाले की रात्रीच्या जन्मातही राहू-केतू मंगळाला चिकटून, म्हणजे वयाच्या ३९ ते ४४ या वर्षांत घालायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा हेच वाचन काही काळ चालले. नंतर अल-बिरूनी आणि अबू मअशर यांचे मजकूर शेजारी ठेवून पाहिल्यावर बहुतेकांनी ते सोडले आणि राहू-केतू शेवटी नेले. माझ्याही मते शेवटीच घालणे योग्य, कारण जुन्या अरबी ग्रंथांचा कौल तसा आहे. पण दोन्ही पद्धतींत रात्री जन्मलेल्या माणसाची ३९पासून ७५पर्यंतची बरीच वर्षे वेगवेगळ्या ग्रहांकडे जातात. राणीचा रौप्यमहोत्सव एका क्रमाने शुक्रात आणि दुसऱ्याने रवीत पडतो. ज्या काळात दोन्ही पद्धती वापरात होत्या, त्या काळात दोन्हीकडच्या ज्योतिषांना आपापले अनुभव पटत होते, ही गोष्ट विसरू नये. संगणकावर कुणी फिरदारिया काढून दिला तर रात्रीच्या जन्मात चाळिशीच्या सुमारास राहू दिसतो का, एवढे पाहिले की कोणता पक्ष घेतला आहे ते कळते.

दुसरी खरी अडचण सूर्योदय-सूर्यास्ताच्या जन्मांची. पंचांगातला सूर्योदय म्हणजे सूर्याची वरची कड दिसू लागते ती वेळ, आणि हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य प्रत्यक्षापेक्षा थोडा वर दिसतो. पत्रिकेच्या गणितात मात्र सूर्याचा मध्य क्षितिजावर आला की सूर्योदय. मुंबईच्या अक्षांशावर या दोहोंत तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. त्या मिनिटांत जन्मलेल्या मुलाचे पंचांग म्हणते दिवस, पत्रिका म्हणते रात्र, आणि उजाडलेले आकाश पाहून आई म्हणते दिवस. मिनिटांना न जुमानणारी ही पद्धत इथे मात्र एका मिनिटावर आयुष्याचा क्रम बदलून टाकते.

ज्यांना ही पद्धत पारखून पाहायची असेल, त्यांनी एवढे करावे. स्वतःची जन्मतारीख घेऊन दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन्ही क्रम वेगवेगळ्या कागदांवर मांडावेत. कोणता कागद कोणता ते लिहू नये. आयुष्यातल्या पाच-सहा मोठ्या घटना तारखांसह तिसऱ्या कागदावर लिहाव्यात आणि तिन्ही कागद, जन्मवेळ न सांगता, या पद्धतीच्या जाणकाराकडे द्यावेत. त्याने खरा क्रम कोणता ते ओळखून दाखवावे. एका पत्रिकेत निम्मी शक्यता नशिबाचीच असते, म्हणून निदान वीस जणांच्या पत्रिका अशा द्याव्यात. त्यातल्या सतरा-अठरा बरोबर आल्या तर अबू मअशरचे पुस्तक पुन्हा गंभीरपणे उघडायला हवे. दहाच्या आसपास आल्या तर पुढच्या वर्षी कोणता ग्रह सुरू होतो याची काळजी करत बसू नये.